थाळीच्या मेनूकार्डावर काय लिहावं? नांदेड-लातूरच्या जेवणाची ओळख पाहुण्यांना कशी करून द्यायची

नांदेडला रोज बाहेरून माणसं येतात. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, तख्त सचखंड श्री हजूर साहिब, याच शहरात आहे. दहावे गुरू गोबिंदसिंहजी यांचं 1708 मध्ये इथंच निर्वाण झालं. 2008 मध्ये गुरता गद्दीच्या त्रिशताब्दीला देशभरातून आणि परदेशातून भाविक आले, आणि तो ओघ पुढेही सुरू राहिला. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने येणारं कुटुंब असो किंवा कॅनडा-इंग्लंडमधून आजोबांना घेऊन आलेली नात असो, गुरुद्वाऱ्यात लंगर घेतल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना एकदा तरी 'इथलं' जेवण चाखायचं असतं.

असं कुटुंब शाकाहारी थाळीच्या हॉटेलात बसतं. कार्डावर एकच ओळ असते: 'स्पेशल मराठवाडा थाळी'. दहा मिनिटांनी समोर ताट येतं. त्यात सात वाट्या, दोन चटण्या आणि एक जाड राखाडी-पांढरी भाकरी असते. कशात काय आहे आणि कशाबरोबर काय खायचं, हे कुणीच सांगितलेलं नसतं. थाळीच्या वर्णनाचं खरं काम इथं सुरू होतं.

थाळीचं वर्णन वेगळं का असतं?

साध्या मेनूकार्डावर पाहुणा वाचतो, निवडतो आणि मागवतो. पदार्थ कळला नाही तर तो दुसरा मागवतो. थाळीत निवड नसते. सगळं एकदमच समोर येतं, तेही नावाशिवाय. म्हणून थाळीचं वर्णन दोनदा वाचलं जातं. पहिल्यांदा आत यायचं की नाही हे ठरवताना, आणि दुसऱ्यांदा ताट समोर आल्यावर, 'ही वाटी कसली?' हा प्रश्न पडल्यावर. बहुतेक कार्डं फक्त पहिल्या वाचनासाठी लिहिलेली असतात. 'चविष्ट', 'पारंपरिक', 'घरगुती' या शब्दांनी माणूस आत येईल, पण वाटीतलं काळपट पातळ कालवण काय आहे हे त्याला त्यातून कळणार नाही.

निवड नसल्याचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. एखाद्याला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल किंवा एखादा जैन पाहुणा कांदा-लसूण खात नसेल, तर त्याने न मागितलेला पदार्थही त्याच्या ताटात येऊन पडतो. म्हणून थाळीच्या वर्णनाने चव सांगण्याआधी घटक सांगायला हवेत.

पंजाबी पाहुण्याला ओळखीचे वाटणारे, पण फसवणारे शब्द

अगदी अनोळखी शब्दाचा फारसा त्रास होत नाही, कारण पाहुणा विचारून घेतो. त्रास होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. पाहुणा विचारत नाही, आपल्या मनातला अर्थ लावून मोकळा होतो. नांदेड-लातूरच्या ताटात असे शब्द बरेच आहेत.

*चटणी.* पंजाबात चटणी म्हणजे पुदिन्या-कोथिंबिरीची ओली चटणी. इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलाला हा शब्द आंब्याच्या गोड चटणीमुळे माहीत असतो. मराठवाड्यात मात्र चटणी म्हणजे शेंगदाणे, जवस किंवा कारळं कुटून केलेली कोरडी, लाल तिखटाची चटणी. गोड समजून कुणी चमचाभर तोंडात टाकली तर जेवण तिथंच संपतं.

*खीर.* उत्तरेत खीर म्हणजे तांदळाची, दुधातली, पांढरी. मराठवाड्यात खीर म्हटलं की बऱ्याच घरांत गव्हाची, गुळाची, तपकिरी खीर डोळ्यांसमोर येते. चव उत्तम असली तरी गहू टाळणाऱ्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

*कढी.* पंजाबी कढी दाट असते आणि तिच्यात पकोडे असतात. इथली कढी पातळ असते, वाटीतून पितात किंवा भातावर घेतात. 'कढी' एवढंच लिहिलं तर पंजाबी पाहुणा पकोडे शोधत बसतो.

*भज्जी.* लातूर आणि धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे साधारण डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला, वेळ अमावस्या साजरी होते. कुटुंबं शेतात जाऊन पूजा करतात आणि तिथंच जेवतात. त्या जेवणातली भज्जी म्हणजे तुरीचे-हरभऱ्याचे हिरवे दाणे, शेंगा आणि पालेभाज्या डाळीच्या पिठात एकत्र शिजवून केलेलं दाट कालवण. तिच्यासोबत ज्वारीच्या पिठाची आंबवलेली, ताक घातलेली आंबील असते. हिंदी किंवा पंजाबी माणूस 'भज्जी' ऐकतो आणि तळलेल्या भज्यांची वाट बघतो.

*आमटी.* हा शब्द पाहुण्याला माहीत नसतो, म्हणून वाढपी पटकन 'दाल है' म्हणून मोकळा होतो. वरणाबाबत ते ठीक आहे. येसर आमटीबाबत मात्र ते चूक आहे, आणि का ते पुढे येईल.

उपमा द्यावी का?

'पिठलं म्हणजे पंजाबी कढीसारखं' असं लिहिण्याचा मोह होतो, कारण दोन्हींत बेसन असतं. पण कढीत दही असतं, ती आंबट असते. पिठलं पाण्यात शिजतं, त्याला लसूण-मिरचीची फोडणी असते आणि ते आंबट नसतं. उपमा वाचून पाहुणा आंबट चवीची अपेक्षा करतो आणि पहिल्याच घासाला त्याला वाटतं की पदार्थ बिघडलाय.

उपमा एका पाहुण्याला लागू पडते, दुसऱ्याला नाही, ही दुसरी अडचण. नांदेड तेलंगणाला लागून आहे, त्यामुळे हैदराबाद आणि निजामाबादकडूनही लोक येतात. त्यांना अंबाडीची भाजी 'गोंगुरा' म्हणून सांगितली की एका शब्दात कळते. अमृतसरच्या माणसाला गोंगुरा हा शब्दही तितकाच परका. ज्वारीचं उलट आहे. पंजाबात ज्वारी मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरतात. 'ज्वार की रोटी' ऐकून एखाद्या जुन्या शेतकऱ्याच्या भुवया उंचावल्या तर नवल नाही. तिथं 'इथलं रोजचं मुख्य धान्य' एवढे चार शब्द जोडले की गैरसमज राहत नाही.

म्हणून नियम साधा ठेवता येतो. आधी पदार्थ कशाचा आहे ते सांगावं, मग कसा शिजवला ते. उपमा शेवटी आणि फक्त पोतासाठी द्यावी, चवीसाठी देऊ नये. 'मऊ, चमच्याने घेता येईल इतकं घट्ट' हे सगळ्यांना सारखंच कळतं.

एका पदार्थाचं वर्णन: चार गोष्टी, दोन ओळी

चांगल्या वर्णनात चार गोष्टी असतात: मूळ घटक, शिजवण्याची रीत, चव आणि तिखटपणा, आणि कशाबरोबर कसं खायचं. त्यानंतर धोक्याच्या घटकांची खूण. एवढं सगळं दोन ओळींत बसतं.

पदार्थाचं नाव मात्र मराठीच ठेवावं आणि पाहुण्याच्या लिपीत उच्चाराप्रमाणे लिहावं. 'भरलेलं वांगं' याचं शब्दशः इंग्रजी करून तेच नाव म्हणून छापलं, तर पाहुणा दुसऱ्यांदा मागताना ते इंग्रजी नाव घेतो आणि वाढप्याला काही कळत नाही. 'पिठलं' हा शब्द कार्डावर असेल तर पाहुणा 'पिठलं और चाहिए' म्हणू शकतो.

आता एक ताट घेऊ. हिवाळा आहे, हॉटेल नांदेडात आहे आणि ताटात भाकरी, पिठलं, भरलं वांगं, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, भात, ताक आणि गव्हाची खीर आहे. खालचे नमुने मराठीत आहेत. हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी मजकूर यांवरूनच करायचा.

ज्वारीची भाकरी. *ज्वारी हे इथलं रोजचं मुख्य धान्य. तिच्या पिठाची, तेल न लावता तव्यावर आणि आचेवर भाजलेली जाड भाकरी. गरम असतानाच हाताने तोडून खावी किंवा आमटीत चुरून घ्यावी.*

'गरम असतानाच' हे शब्द उगाच नाहीत. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे भाकरी गार झाली की कडक होते आणि तुटते. पाहुणा बाकीच्या वाट्या चाखत बसला आणि भाकरी शेवटी घेतली, तर त्याचं मत वाईटच होणार. चुरून खाण्याची रीत लिहिली नाही तर तो भाकरीने चपातीसारखा घास उचलायला जातो आणि भाकरी मोडते.

पिठलं. *हरभरा डाळीचं पीठ पाण्यात शिजवून केलेलं मऊ, घट्टसर कालवण. लसूण, हिरवी मिरची आणि हिंगाची फोडणी. मध्यम तिखट, आंबट नाही. भाकरीबरोबर.*

त्या दिवशी झुणका असेल तर 'मऊ' ऐवजी 'कोरडा, मोकळा' असं लिहावं. घटक तेच, पण पाहुण्यासाठी हा दुसरा पदार्थ आहे.

भरलं वांगं. *लहान वांगी चिरून त्यांत शेंगदाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं आणि काळा मसाला भरून शिजवलेली. तिखट, किंचित गोडसर. देठ खाऊ नये. शेंगदाणे, तीळ.*

देठाची सूचना क्षुल्लक वाटते, पण वांगं देठासकट वाढलं जातं आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला ते माहीत नसतं.

शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. *चटणी: शेंगदाणे, लसूण आणि लाल तिखट कुटून केलेली, कोरडी. ठेचा: हिरव्या मिरच्या भाजून लसणाबरोबर खरडलेला. दोन्ही फार तिखट. बोटाच्या टोकावर येईल इतकंच घेऊन भाकरीला लावावं. शेंगदाणे.*

चटणीवर कच्चं तेल घेण्याची इथली पद्धत आहे. ते तेल शेंगदाण्याचं असेल तर तेही लिहावं. ठेच्यात काही ठिकाणी शेंगदाणे घालतात, काही ठिकाणी नाही. कार्ड आपल्या स्वयंपाकघराप्रमाणे असावं, पुस्तकातल्या पाककृतीप्रमाणे नव्हे.

येसर आमटी: वर्णन चुकलं तर काय होतं

समजा लंडनहून आलेल्या एका बाईंना सीलिअॅक आजार आहे. या आजारात गहू, जव यांतलं ग्लूटेन शरीराला चालत नाही. थोडं पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते. त्या कार्ड वाचतात. भाकरी ज्वारीची आहे, म्हणजे चालेल. पिठलं हरभऱ्याचं, चालेल. आमटीसमोर लिहिलंय 'मसालेदार दाल', म्हणजे तीही चालेल. त्या आमटी घेतात.

येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेलं पीठ. मराठवाड्यात लग्नकार्याआधी हे मोठ्या प्रमाणावर करून ठेवतात. घराघरांत प्रमाण वेगळं असतं, पण हरभरा डाळ, तांदूळ, ज्वारी किंवा बाजरी यांच्याबरोबर गहू बहुतेकदा असतो. वर धणे, जिरे, सुकं खोबरं आणि खडा मसाला. आमटी करताना फोडणीच्या उकळत्या पाण्यात हे पीठ कालवून सोडतात, त्यानेच ती दाट होते. म्हणजे या आमटीत शिजवलेली डाळ असेलच असं नाही, आणि गहू मात्र असतो. 'दाल' या एका शब्दाने त्या बाईंना नेमका त्यांना न चालणारा पदार्थ दिला.

बरोबर वर्णन असं होईल: *भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले दळून केलेल्या पिठाची पातळ, काळपट, तिखट आमटी. लग्नाच्या जेवणातला खास पदार्थ. भाकरी चुरून किंवा भातावर. गहू.*

हीच सावधगिरी आणखी दोन ठिकाणी लागते. बाजारातलं डबीतलं हिंग शुद्ध नसतं. ते मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात मिसळलेलं असतं, म्हणून डबीवरची घटकांची यादी वाचावी लागते. मैदा असेल तर पिठल्यासमोरही 'गहू' लिहावं लागेल. भाकरीचं पीठ ज्या गिरणीवर दळलं जातं तिथं गहूही दळला जातो, आणि एकाच परातीत दोन्ही पिठं मळली जातात. म्हणून कार्डावर भाकरीला 'ग्लूटेनमुक्त' म्हणू नये. 'भाकरीत गहू घातलेला नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात गहू वापरला जातो' हे खरं वाक्य आहे. सीलिअॅक असलेला माणूस त्यावरून स्वतःचा निर्णय घेऊ शकतो.

खुणा किती आणि कोणत्या?

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवर अॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. एका शहरातलं एकटं थाळीचं हॉटेल सहसा या कक्षेत येत नाही. पण शेंगदाण्याची अॅलर्जी कायद्याची कक्षा बघून होत नाही. ती तीव्र असेल तर घसा सुजून काही मिनिटांत श्वास अडकू शकतो.

मराठवाड्याच्या ताटात पाच खुणा पुरतात: शेंगदाणे, गहू, दूध, तीळ आणि कांदा-लसूण. तिळाचं नाव आपल्या नियमांच्या यादीत नसलं तरी परदेशी पाहुण्यांत तिळाची अॅलर्जी असू शकते. कांदा-लसणाची खूण जैन आणि वैष्णव पाहुण्यांसाठी. इथं काळ्या मसाल्याकडे लक्ष द्यावं, कारण काही घरांत तो कांदा-लसूण परतून, वाळवून केलेला असतो. अशा मसाल्याची भाजी वरून कांदा-लसूण न घालता केली तरी जैनांना चालत नाही.

'शाकाहारी' या शब्दाचाही खुलासा करावा. भारतात हिरव्या ठिपक्याचा अर्थ मांस, मासे आणि अंडं नाही, पण दूध चालतं. परदेशातून आलेला पाहुणा अंडं चालतं असं समजू शकतो, किंवा दूधही नसेल असं धरून चालू शकतो. 'अंडं नाही, ताक, तूप आणि खिरीत दूध आहे' या एका ओळीत दोन्ही शंका मिटतात.

वरच्या ताटात शेंगदाण्याची खूण मोजली तर वांगं, चटणी, कधी ठेचा, कोशिंबीर असेल तर तिच्यातलं कूट, आणि तेल शेंगदाण्याचं असेल तर जवळजवळ सगळंच. खुणा भरल्यावरच हे लक्षात येतं. मग प्रामाणिक वाक्य एकच उरतं: 'शेंगदाण्याची अॅलर्जी असल्यास ही थाळी घेऊ नये, साधं वरण, भात आणि ताक वेगळं करून मिळेल.' अर्थात फोडणीचं तेल आणि भांडी खरंच वेगळी ठेवता येत असतील तरच हे लिहायचं.

तिखटपणा कसा सांगायचा?

एक, दोन, तीन मिरच्यांची चित्रं सोपी वाटतात, पण ती कुणाच्या जिभेने ठरवायची? स्वयंपाक करणाऱ्या मावशींना जे 'मध्यम' वाटतं ते लहानपणापासून ठेचा खाल्लेल्या माणसाचं मध्यम असतं. म्हणून मिरच्यांची संख्या बाहेरच्या माणसाला चाखायला देऊन ठरवावी. शिवाय तिखट लागल्यावर काय करायचं तेही कार्डावरच असावं: 'तिखट वाटल्यास पाणी नको, ताक किंवा दही घ्यावं.' मिरचीतला जळजळ करणारा घटक पाण्यात विरघळत नाही, दुधाच्या पदार्थांनी मात्र आग कमी होते.

वाट्यांना नंबर द्या

वर्णन कितीही चांगलं असलं तरी कोणती ओळ कोणत्या वाटीची हे कळलं नाही तर उपयोग नाही. त्यासाठी कार्डावर ताटाचं साधं रेखाचित्र काढून वाट्यांना नंबर द्यावेत आणि वाढप्यांनी रोज त्याच क्रमाने वाढावं. मराठी ताटात क्रम मुळातच असतो: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या आणि आमटी उजवीकडे. तो कागदावर उतरवायचा एवढंच. सोबत काय पुन्हा मिळतं आणि काय एकदाच मिळतं हेही लिहावं. 'पुरे' हा शब्द पाहुण्याच्या लिपीत छापला तर वाढपी आणि पाहुणा दोघांचीही सोय होते.

हुरडा, तुरीचे हिरवे दाणे, वेळ अमावस्येची भज्जी हे पदार्थ हिवाळ्यापुरते असतात. ते मुख्य कार्डावर छापू नयेत, वेगळ्या चिठ्ठीवर द्यावेत. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याने भज्जी मागितली आणि ती मिळाली नाही, तर तो बाकीच्या कार्डावरही विश्वास ठेवत नाही.

मूळचं नाव कुठं उपयोगी पडतं?

लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वरणासमोर 'बोरसुरी तूरडाळ' लिहिलं तर पाहुण्याला गावाचं नाव कळतं आणि डाळ विकत कुठून घ्यायची तेही समजतं. पण डाळ खरंच बोरसुरीची असेल तरच. मानांकन नोंदणीकृत उत्पादकांसाठी असतं. दुसऱ्या डाळीला ते नाव लावणं ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि कायद्यानेही गुन्हा आहे.

छापण्याआधीची परीक्षा

कार्ड तयार झालं की ते आधी स्वयंपाकघरात वाचून दाखवावं. येसरात गहू आहे की नाही, ठेच्यात शेंगदाणे पडतात की नाही, फोडणीचं तेल कोणतं, याची उत्तरं मालकापेक्षा मावशींना नक्की माहीत असतात. मग हे जेवण कधीच न जेवलेल्या एखाद्या माणसाला एक वर्णन वाचायला द्यावं आणि विचारावं, 'आता वाटीत काय येईल असं वाटतं?' त्याने 'पिवळं, मऊ, चमच्याने खायचं, लसणाचं' असं सांगितलं तर पिठल्याची ओळ जमली. तो 'कढी' म्हणाला तर पुन्हा लिहावी. आणि तेल, हिंग किंवा मसाल्याचा पुरवठादार बदलला की त्याच दिवशी खुणा पुन्हा तपासाव्यात.